कोल्हापुरी चपलांचे नमुने, हॅम्बुर्गचं गिऱ्हाईक आणि पैशांची जोखीम

प्रश्न: आमच्या घरचं कोल्हापुरी चपलांचं काम आहे, पाच-सहा कारागीर. हॅम्बुर्गमधल्या एका दुकानाच्या मालकीणबाईंनी इन्स्टाग्रामवर फोटो बघून संपर्क केला. सहा जोड नमुने फुकट पाठवा म्हणतात. पसंत पडले तर १२० जोडांची ऑर्डर, पैसे माल मिळाल्यावर ३० दिवसांत. आयात-निर्यातीसाठी लागणारा आयईसी क्रमांक काढलाय, पण निर्यात कधी केलेली नाही. नमुने पाठवायचे का? बाई खऱ्या आहेत हे कसं ओळखायचं? आणि पैसे बुडाले तर?

उत्तर:

नमुने पाठवा, पण सहा नाही, तीन. फुकट नाही, पैसे घेऊन. आणि १२० जोड ३० दिवसांच्या उधारीवर पाठवू नका, बाई कितीही खऱ्या निघाल्या तरी.

उधारीला नाही म्हणायचं कारण बाईंच्या दानतीत नाही, तुमचा माल ज्या वाटेने जाणार आहे त्या वाटेत आहे. जहाजाने जाणाऱ्या मालाला बिल ऑफ लेडिंग असतं. तो कागद ज्याच्या हातात त्याचा माल, म्हणून पैसे मिळेपर्यंत कागद बँकेत अडवून ठेवता येतो. तुमचे १२० जोड मात्र कुरिअरने किंवा विमानाने जाणार. कुरिअरची पावती किंवा एअर वेबिल हा मालकीचा कागद नसतो. त्यावर ज्याचं नाव, त्याच्या दारात माल उतरतो आणि तुमचा ताबा तिथेच संपतो. बरेच जण ‘बँकेमार्फत कागद पाठवू, पैसे भरल्यावर सुटतील’ असं समजून निर्धास्त राहतात. विमानाच्या मालात हे तेव्हाच चालतं, जेव्हा माल खरेदीदाराच्या बँकेच्या नावावर पाठवलेला असतो आणि त्या बँकेने तसं आधी मान्य केलेलं असतं. अडीच-तीन लाखांच्या मालासाठी कुठलीही बँक ही उठाठेव करत नाही. लेटर ऑफ क्रेडिटचं, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीचंही तेच. दोन्ही बँकांचं शुल्क आणि कागदातल्या एकेका चुकीचा दंड धरला, तर एवढ्या ऑर्डरमध्ये नफा त्यातच जातो. मग उरतो एकच रस्ता: माल दाराबाहेर पडण्याआधी पैसे खात्यात. पुढचं सगळं बोलणं बाईंना हे पटेल अशा पद्धतीने व्यवहार कसा मांडायचा, याचं आहे. कारण भीती त्यांनाही आहे. ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसाला त्यांनी आधी पैसे का द्यावेत?

नमुना म्हणजे करार

नमुना म्हणजे माल दाखवणं, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर पुढे भांडण झालंच तर निवाडा त्याच नमुन्यावरून होतो. ‘रंग वेगळा आहे’, ‘तळ पातळ आहे’, ‘नंबर लहान पडतात’ अशी तक्रार आली की ‘मंजूर झालेला नमुना असा होता’ हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. म्हणून तीन डिझाइनचे तीन जोड पाठवायचे असतील तर करायचे सहा, प्रत्येक डिझाइनचे दोन. एकाच कारागिराच्या हातचे, एकाच कातड्यातले. एक जोड जर्मनीला जातो, दुसरा तुमच्याकडे पिशवीत बंद राहतो. दोन्हींना एकच क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधा. बाईंनी पसंती कळवली की त्यांच्या मेलमध्ये तो क्रमांक यायला हवा: ‘नमुना क्रमांक के-२ प्रमाणे माल मंजूर.’ तुमच्याकडचा जोड ऑर्डर पूर्ण होऊन पैसे येईपर्यंत विकायचा नाही आणि पाहुण्यांना घालायलाही द्यायचा नाही.

चिठ्ठीसोबत एक पानाचा तपशील ठेवा: तळाची लांबी मिलिमीटरमध्ये, टाचेची उंची, जोडाचं वजन, कातडं कशाचं, शिवण चामड्याच्या वादीची की दोऱ्याची, वेणी आहे की नाही, गोंडा आहे की नाही. मग फरकाची हद्द लिहा. हाताच्या कामात ती लिहावीच लागते, नाहीतर गिऱ्हाईक यंत्राच्या चपलेची अपेक्षा धरून बसतं. लांबीत ३ मिलिमीटर, वजनात १० टक्के, आणि बाभळीच्या साली-हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा रंग प्रत्येक जोडात थोडा वेगळा येतो व उन्हाने गडद होतो, एवढं लिहिलं तरी पुरतं. नवी चपल घामाने पायाला रंग लावू शकते आणि सुरुवातीला करकर वाजते, हेही लिहा. आपल्याकडे तो आवाज हौसेने करून घेतात. हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकाला तो दोष वाटेल आणि जोड दुकानात परत येईल.

सगळ्यात जास्त माल परत येतो तो नंबरांमुळे. आपले नंबर इंग्लंडच्या पद्धतीचे, त्यात एका नंबरात सुमारे ८.५ मिलिमीटरचा फरक असतो. युरोपच्या पद्धतीत एक नंबर म्हणजे ६.६७ मिलिमीटर. म्हणजे एकास एक जोडी जुळतच नाही, आणि बाजारातले तक्ते कुठे वर तर कुठे खाली सरकवून बसवलेले असतात. तक्ता मागू नका. बाईंकडून प्रत्येक युरोपीय नंबरासाठी पायाची लांबी मिलिमीटरमध्ये मागून घ्या आणि तळ त्याप्रमाणे कापा. कोल्हापुरीला अंगठा आणि पट्टा असल्याने रुंदीही महत्त्वाची. युरोपातल्या रुंद पायाला पट्टा आवळतो, म्हणून नमुन्याचा निदान एक जोड त्यांनी स्वतः घालून आठवडाभर चालून बघावा असं कळवा.

नमुन्याचे पैसे आणि कागद

पैसे का घ्यायचे? तीन जोडांची किंमत वसूल व्हावी म्हणून नव्हे. जगभर फुकट नमुने गोळा करणारी माणसं आहेत, ती पैशाचं नाव काढलं की गायब होतात. खरं दुकान चालवणारा माणूस नमुन्याचे पैसे देतो, कारण त्याला त्याची सवय असते. ऑर्डरच्या भावाच्या दीडपट दर लावा, कुरिअरचा खर्च वेगळा दाखवा आणि लिहा की ऑर्डर आल्यावर नमुन्याची किंमत पहिल्या बिलातून वजा होईल. आणखी एक फायदा असा की या छोट्या रकमेने पैशांची वाट तपासून होते. बँकेत रक्कम कशी येते, किती दिवसांत येते, मधल्या बँका किती कापतात, हे अडीच लाखांवर शिकण्यापेक्षा शंभरेक युरोवर शिकलेलं बरं.

बाई म्हणतील, ‘आमच्या कुरिअर खात्यावर पाठवा, खर्च आमचा.’ ऐकायला छान वाटतं. पण ते खातं बंद असेल किंवा त्यांनी बिल नाकारलं, तर कुरिअर कंपनी ते पैसे पाठवणाऱ्याकडून, म्हणजे तुमच्याकडून वसूल करते. त्यापेक्षा खर्च आधी घेऊन स्वतःच्या खात्यावर पाठवा.

कुरिअरला सांगताना एक गोष्ट नीट सांगा. फुकट नमुने आणि भेटवस्तू सीएसबी-४ या नोंदीखाली जातात, विक्रीचा माल सीएसबी-५ खाली. पैसे घेतलेला नमुना ही विक्रीच आहे, तो सीएसबी-५ मध्येच गेला पाहिजे, आयईसी आणि जीएसटीच्या बिलासह. काउंटरवरचा मुलगा सोपं म्हणून सीएसबी-४ करून टाकतो. मग बँकेत पैसे येतात आणि त्यांना जोडायला निर्यातीची नोंदच नसते. करमुक्त निर्यातीसाठी जीएसटी पोर्टलवर एलयूटी हे हमीपत्र दर आर्थिक वर्षाला नव्याने भरावं लागतं, तेही आधी बघून घ्या. टपालाने पाठवायचं असेल तर डाकघर निर्यात केंद्रातून हीच नोंद ऑनलाइन होते. स्वस्त पडतं, दिवस जास्त लागतात.

बिलावर मालाचं वर्णन असं साधं आणि खरं असावं:

```
HANDMADE LEATHER CHAPPAL, VEGETABLE TANNED
SAMPLE - NOT FOR RESALE
HS 6403.20    QTY 3 PAIRS    MADE IN INDIA
```

६४०३.२० हा वर्ग चामड्याचा तळ आणि पायावरून जाणारे व अंगठ्याभोवती फिरणारे चामड्याचे पट्टे असलेल्या पादत्राणांचाच आहे, म्हणजे जवळजवळ कोल्हापुरीचं वर्णन. पुढचे आकडे आपल्या कस्टमच्या तक्त्यातून एजंटकडून भरून घ्या.

किंमत शून्य लिहू नका आणि ‘कस्टम वाचावा’ म्हणून दोन युरोही लिहू नका. पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीवरच मिळते. शिवाय नमुन्यावर दोन युरो आणि महिन्याने त्याच मालावर बावीस युरो दिसले की तिकडचा अधिकारी दोन्ही कागद शेजारी ठेवतो. क्षुल्लक किमतीचे, फक्त ऑर्डर मिळवण्यासाठी पाठवलेले नमुने युरोपात करमुक्त जाऊ शकतात, पण त्यासाठी ते विकण्याजोगे राहू नयेत म्हणून भोक पाडायला किंवा पक्क्या शाईचा शिक्का मारायला सांगितलं जाऊ शकतं. तुमच्या बाईंना चालून बघायचंय, म्हणून भोक पाडू नका. तीन जोडांवरचा कर त्यांनी भरावा, हे आधी कळवा.

पॅकिंगमध्ये पैसे कसे जातात ते बघा. कुरिअर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतो. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. एका जोडाचा देखणा खोका ३२ × २२ × १० चा असला तर ७०४० भागिले ५०००, म्हणजे १.४ किलो. जोडाचं खरं वजन पाऊण किलो. १२० जोडांना असे खोके वापरले तर १६९ किलोचं भाडं पडेल. तेच जोड उलटसुलट लावून, मध्ये कागद घालून, ४५ × ३५ × ३० च्या खोक्यात बारा-बारा भरले तर दहा खोक्यांचं आकारमान वजन ९४.५ किलो भरतं, खरं वजन साधारण ९८ किलो. म्हणजे भाडं ९८ किलोचं. देखणे खोके हवेत तर बाईंनी तिकडे छापून घ्यावेत.

युरोपसाठी दोन बारीक गोष्टी

पहिली कातड्याची. पायाला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम-सहाचं प्रमाण किलोला ३ मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. कोल्हापुरीचं कातडं झाडपाल्यात कमावलेलं, त्यामुळे प्रश्न येऊ नये असं वाटतं. पण वरच्या पट्ट्याचं रंगीत बकऱ्याचं कातडं किंवा आतलं अस्तर बाजारातून आणलेलं असतं आणि ते क्रोमने कमावलेलं असू शकतं. दुकानदाराला विचारून भागत नाही. त्या पट्ट्याचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि रंगात बंदी असलेले अझो रंग नाहीत ना, तेही त्याच वेळी. चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेसह अनेक ठिकाणी ही तपासणी होते. खर्च बाईंशी वाटून घेता येतो, अहवाल दोघांनाही उपयोगाचा असतो.

दुसरी गोष्ट बुरशीची. झाडपाल्यात कमावलेलं कातडं ओलावा पटकन धरतं. पावसाळ्यात केलेला जोड प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला की आठ-दहा दिवसांत पांढरा थर येतो, आणि तो हॅम्बुर्गला पोचल्यावर दिसतो. सावलीत हवेशीर जागी दोन-तीन दिवस वाळवा, उन्हात नको, तळ वाकतो. नंतर साध्या कागदात गुंडाळून खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. बुरशीनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या, आत काय आहे ते न लिहिलेल्या पुड्या मात्र टाकू नका. त्यांत डायमिथाइल फ्युमरेट असू शकतं, आणि त्यावर युरोपात बंदी आहे. एका पुडीपायी सगळा खेप अडकतो.

लेबलांवर वरचा भाग, आतला भाग आणि तळ कशाचा, हे चित्रखुणांनी किंवा शब्दांत दाखवावं लागतं, आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपातल्या जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ताही. ती व्यक्ती म्हणजे आयात करणाऱ्या बाईच. मजकूर त्यांच्याकडून मागवा, चिकटवायचं काम तुमचं. ‘कोल्हापुरी’ या नावाला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली असेल तर तो क्रमांक नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहा, बाईंना दुकानात सांगायला ती एक गोष्ट मिळते.

बाई खऱ्या आहेत का

जर्मनीच्या बाबतीत हे तपासणं बरंच सोपं आहे, फक्त काय दिसतं आणि काय दिसत नाही ते माहीत हवं. जर्मन व्यावसायिक वेबसाइटवर ‘इम्प्रेसुम’ नावाचं पान कायद्याने लागतं. त्यावर मालकाचं नाव, पत्ता, संपर्क आणि असल्यास व्हॅट क्रमांक असतो. पान नसेल तर पहिली शंका तिथेच घ्या. व्हॅट क्रमांक DE आणि पुढे नऊ आकडे असा असतो, तो युरोपीय आयोगाच्या VIES या पानावर टाकून बघता येतो. मात्र जर्मनीसाठी ते पान फक्त ‘वैध’ किंवा ‘अवैध’ एवढंच सांगतं, नाव-पत्ता दाखवत नाही. त्यामुळे कुणीही दुसऱ्याचा वैध क्रमांक आपला म्हणून देऊ शकतं. क्रमांक इम्प्रेसुमवर तोच आहे का, हे बघा.

कंपनी असेल तर handelsregister.de वर नाव फुकट शोधता येतं. पण एकट्या माणसाचं छोटं दुकान त्या नोंदवहीत बहुधा नसतं, म्हणून तिथे नाव नाही म्हणजे फसवणूक, असं समजू नका. व्यापारी आयातीसाठी मात्र ईओआरआय क्रमांक लागतोच, आणि तोही ऑनलाइन तपासता येतो. तो मागा. ‘तो काय असतो?’ असं उत्तर आलं तर बाई खोट्या आहेत असं नाही, त्यांनी आजवर युरोपबाहेरून माल आणलेला नाही. याचा अर्थ कस्टमच्या खर्चाचा, कराचा अंदाज त्यांना नाही, आणि दारात १९ टक्के आयात व्हॅट व वर कस्टम शुल्काचं बिल आलं की त्या पार्सल नाकारू शकतात. अशा गिऱ्हाइकाशी उधारी तर नाहीच, पण सगळा खर्च आधी लिहून देणं जास्त महत्त्वाचं.

मग फोन करा. मेलमध्ये किंवा इन्स्टाग्रामवर दिलेल्या नंबरावर नाही, इम्प्रेसुमवरच्या नंबरावर, दुकानाच्या वेळेत. ‘मी कोल्हापूरहून बोलतोय, तुम्ही चपलांबद्दल लिहिलं होतं ना?’ समोरचा माणूस गोंधळला तर कुणीतरी खऱ्या दुकानाचं नाव वापरतंय. हा प्रकार सर्रास चालतो. नंतर व्हिडिओ कॉलवर दुकान दाखवायला सांगा आणि तुमचं कामाचं ठिकाणही दाखवा. कातडं कापताना, वेणी घालताना दाखवलेली पाच मिनिटं त्यांच्या मनातली भीती जेवढी घालवतात तेवढी कुठलीही प्रमाणपत्रं घालवत नाहीत.

खऱ्या गिऱ्हाइकाला प्रश्न पडतात: कातडं कुठलं, नंबर कसे, किती दिवसांत, तुटलं तर काय. जो भाव न करता, डिझाइनचं न विचारता एकदम मोठी ऑर्डर देतो आणि पैशांच्या वाटेवरच बोलत राहतो, त्याला सोडा. विशेषतः ‘जास्त रक्कम पाठवतो, त्यातून माझ्या वाहतूक एजंटला एवढे द्या’ असं आलं की बोलणं बंद करा. ती रक्कम चोरीच्या कार्डाची किंवा खोट्या चेकची असते. ती परत जाते, आणि एजंटला दिलेले पैसे तुमच्या खिशातून गेलेले असतात.

१२० जोडांचा हिशेब

एक युरो १०० रुपये धरू, म्हणजे आकडे डोक्यात राहतील. जोडाला कातडं, मजुरी, पॅकिंग मिळून ११०० रुपये खर्च, भाव २२ युरो, वाहतूक वेगळी. पूर्ण ऑर्डर २६४० युरोची, तुमच्या खिशातून जाणारे १,३२,००० रुपये. उधारीवर पाठवून पैसे आले नाहीत तर हे एक लाख बत्तीस हजार गेले, वर वाहतूक. पाच-सहा कारागिरांच्या घराला हा खड्डा सहज भरून येणारा नाही.

म्हणून बाईंना ऑर्डर दोन भागांत मांडून द्या. आधी २४ जोड, ५२८ युरो, सगळे आगाऊ. त्यांच्या दृष्टीने जोखीम छोटी. २४ जोड बरोबर, वेळेत, नमुन्यासारखे पोचले की उरलेले ९६. त्यांची किंमत २११२ युरो, त्यातले निम्मे १०५६ ऑर्डरसोबत. ९६ जोडांचा खर्च १,०५,६०० रुपयेच आहे, म्हणजे तुमचा पैसा कामात अडकत नाही. उरलेले निम्मे माल तयार झाल्यावर, पाठवण्याआधी. त्या वेळी सगळे जोड नंबरवार मांडून व्हिडिओ काढा, बंद नमुन्याशेजारी दोन-चार जोड ठेवून दाखवा, वजनकाट्यावर खोके दाखवा.

त्या ‘थोडं तरी नंतर देऊ’ म्हणाल्या तर शेवटचे १० टक्के, २११ युरो, माल मिळाल्यावर सात दिवसांत असं कबूल करता येईल. गेले तर नफ्यातले २१ हजार गेले, भांडवल नाही. त्याच्या पलीकडे पहिल्या वर्षी जाऊ नका.

पैसे बँकेतून स्विफ्टने मागवा. माल पाठवण्याआधी जे प्रोफॉर्मा बिल देतात, त्यावर दोन वाक्यं लिहायची. एक, भारताबाहेरचं सगळं बँक शुल्क पाठवणाऱ्याचं, नाहीतर मधल्या बँका आपापला हिस्सा कापतात आणि प्रत्येक वेळी रक्कम अपुरी येते. दोन, आमचा खाते क्रमांक मेलने कधीही बदलत नाही, बदल सांगणारा मेल आला तर फोन करून विचारा. मेलमध्ये घुसलेला चोर बहुतेकदा तुमच्याच नावाने गिऱ्हाइकाला नवा खाते क्रमांक पाठवतो. त्यांचे पैसे जातात, तुमचा माल अडतो, आणि दोघंही एकमेकांना चोर समजतात.

‘पैसे पाठवले, ही पावती’ म्हणून स्विफ्टच्या संदेशाचा कागद येईल. तो संगणकावर दहा मिनिटांत बनवता येतो. त्यावरचा ३६ अक्षरांचा यूईटीआर क्रमांक तुमच्या बँकेला देऊन रक्कम कुठवर आली ते विचारा, आणि खात्यात रुपये जमा होईपर्यंत खोका बंद करू नका. बँकेत रक्कम कुठल्या कामाची ते सांगावं लागतं. आगाऊ निर्यात रकमेचा कोड P0103. शाखेतल्या कुणी घरगुती मदतीचा कोड टाकला तर ती रक्कम निर्यातीशी जुळत नाही, शिपिंग बिल रिझर्व्ह बँकेच्या नोंदीत उघडं राहतं आणि पुढे विचारणा येते. म्हणून दर वेळी प्रोफॉर्माची प्रत मेलने बँकेला पाठवा.

कार्ड किंवा पेपाल बाईंना सोयीचं वाटेल. नमुन्यांसाठी ठीक आहे. मोठ्या रकमेत लक्षात ठेवायचं ते असं की पेपालवर गिऱ्हाईक १८० दिवसांपर्यंत तक्रार उघडू शकतं. ‘माल मिळाला नाही’ म्हटलं तर पोचपावतीने भागतं. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हटलं तर पोचपावतीचा उपयोग नाही, तेव्हा तपशिलाचं पान, मंजुरीचा मेल आणि पाठवण्याआधीचे फोटोच कामाला येतात.

माल पाठवताना कस्टम आणि कर बाईंनी भरायचा, अशी अट प्रोफॉर्मावर आणि कुरिअरच्या फॉर्मवर दोन्हीकडे सारखी हवी. फॉर्मवर चुकून ‘सगळं पाठवणाऱ्याचं’ असं निवडलं गेलं तर जर्मनीचा व्हॅट तुमच्या बिलात येतो. त्यांनी पार्सल नाकारलं तर परतीचं भाडंही तुमच्याच माथी असतं, आणि परत आलेला माल आपलाच आहे हे इथल्या कस्टमला शिपिंग बिलावरून दाखवावं लागतं. पूर्ण पैसे आधी आले असतील तर ही पाळी सहसा येत नाही, पैसे भरलेला माल कुणी दारातून परत पाठवत नाही.

तीन-चार ऑर्डर सुरळीत झाल्या आणि बाई मोठ्या मालासाठी उधारी मागू लागल्या, तेव्हा ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीची छोट्या निर्यातदारांची पॉलिसी घ्या. ती त्या दुकानाची पतही तपासून देते, आणि किती रकमेपर्यंत संरक्षण देईल ते सांगते. तुमच्या उधारीची मर्यादा तीच. खरेदीदार दिवाळखोर झाला किंवा मुदतीनंतरही पैसे देत नाही, तर भरपाई मिळते. ‘माल खराब होता’ असा वाद त्याने काढला तर तो वाद तुमच्या बाजूने निकालात निघेपर्यंत ईसीजीसी पैसे देत नाही. तेव्हाही विचारणा होईल ती नमुना क्रमांक के-२ ची.